वाकडी पाठ आणि रात्रीचं दुखणं

(नाशिक येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. मी समाजकार्याची पदवी घेऊन वस्त्यांमध्ये काम करणारी बाई. पण दवाखान्याच्या बाकावर आयांबरोबर इतके तास काढलेत, की काही गोष्टी डॉक्टरांना विचारून विचारून नीट समजून घ्याव्या लागल्या. त्यातली एक आज सांगते.

पंचवटीच्या पलीकडच्या एका वस्तीतली मुलगी, वय तेरा. आई आमच्या बचत गटात. एक दिवस ती म्हणाली, "ताई, पोरीच्या शाळेच्या ड्रेसची कड एका बाजूनं वर जाते. दोनदा उसवून शिवली, तरी तसंच." मुलीला बघितलं तर खरंच एक खांदा वर, कमरेची एक बाजू आत गेलेली. पाठही दुखत होती, चार महिने झाले होते. एका दवाखान्यात फोटो काढला होता. पाठीचा कणा बाजूला वाकलाय, त्याला स्कोलिओसिस म्हणतात, म्हणून दुखतंय, असं सांगून कमरेचा पट्टा आणि व्यायाम दिले होते. घरी आजीनं निदान केलं, की पोर एकाच कडेवर भावाला घेते म्हणून असं झालं. मग आईनं तिला त्यावरून बोलायला सुरुवात केली. आणि लग्नाच्या वेळी कुणी काही बोलू नये म्हणून ही गोष्ट शेजारी कळू द्यायची नाही, असंही घरात ठरलं.

आता मुळातली गोष्ट. वाढीच्या वयात मुलींचा कणा बाजूला वाकतो, तो बहुतेक वेळा कशामुळे वाकला ते सांगता येत नाही. दप्तरानं नाही, हंड्यानं नाही, कडेवर मूल घेतल्यानंही नाही. तेव्हा त्यावरून मुलीला बोलणं बंद करा. फोटोवर या बाकाचा कोन मोजतात. दहा अंशांपेक्षा कमी असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतच नाहीत. पंचवीस ते चाळीसच्या दरम्यान असेल आणि मुलीची उंची अजून वाढायची असेल तर अंगाला पट्टा घालतात. त्याहून बराच मोठा असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. पाळी सुरू होण्याच्या आधीचं वर्ष आणि त्याच्या आसपासचा काळ सगळ्यात जपायचा, कारण उंची तेव्हा झपाट्यानं वाढते आणि बाकही वाढतो.

पण हा साधा बाक सहसा फार दुखत नाही. काही मुलींची पाठ दुखते, नाही असं नाही. अमेरिकेत डलासच्या एका रुग्णालयानं 1997 साली अशा 2442 मुलामुलींचा अभ्यास छापला. त्यात पहिल्या भेटीत जवळजवळ चौथा हिस्सा मुलांची पाठ दुखत होती. दुखणाऱ्यांपैकी दर शंभरात नऊजणांच्या मागे दुसरंच कारण निघालं. म्हणजे घाबरून जायचं नाही, पण त्या नऊजणींना शोधायचं. कसं? तर दुखणं कसं आहे ते विचारून.

साधं दुखणं दिवसभर बाकावर बसल्यावर, काम केल्यावर येतं, जागा बदलत राहतं, आडवं पडलं की कमी होतं. आमच्या या मुलीला मी विचारलं, "रात्री जाग येते का?" ती आईकडे बघायला लागली. आई म्हणाली, "रोज. दोन-अडीचला उठते. दुखण्याची गोळी दिली की अर्ध्या तासात झोपते." हे त्या माउलीनं दवाखान्यात सांगितलंच नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. फोटोत बाक दिसला आणि विचारणं संपलं. बोट कुठे ठेवशील म्हटल्यावर मुलीनं कमरेच्या जरा वर, डावीकडे, एकाच ठिकाणी बोट ठेवलं.

मग पुढे वाकायला सांगितलं. ही तपासणी तुम्हीही करू शकता. पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हात जोडून मुलीनं सावकाश खाली वाकायचं आणि आपण मागून पाठीच्या पातळीत बघायचं. साध्या स्कोलिओसिसमध्ये मणके नुसते वाकत नाहीत, पिळवटतात, म्हणून एका बाजूच्या फासळ्या उंचवट्यासारख्या वर येतात. या मुलीच्या पाठीवर उंचवटा नव्हता. ती अर्ध्यावरच लाकडासारखी थांबली आणि एका अंगावर कलली.

आम्ही हे सगळं कागदावर लिहिलं. कधीपासून, किती वाजता, कोणत्या गोळीनं, कुठे. तो कागद घेऊन हाडांच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वाचला आणि दुखतं त्याच ठिकाणचा सीटी स्कॅन करायला सांगितला. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या डाव्या बाजूला शेंगदाण्याएवढी गाठ होती. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा म्हणतात तिला. हा कॅन्सर नाही. साध्या फोटोत पुष्कळदा दिसत नाही. रात्री ठणकते आणि त्या जातीच्या गोळीनं चटकन थांबते, ही तिची ओळखच. त्या दुखण्यानं एका बाजूचे स्नायू आवळतात आणि कणा तिकडे ओढला जातो. म्हणजे बाकामुळे दुखत नव्हतं, दुखण्यामुळे बाक आला होता!

मुंबईला नेऊन सुईनं ती गाठ जाळली. आठवड्याभरात मुलगी रात्रभर झोपायला लागली. सहा महिन्यांनी ड्रेसची कड सरळ पडत होती. मात्र अशा दुखण्यात वर्ष-सव्वा वर्षाहून जास्त काळ गेला, तर गाठ काढली तरी बाक राहून जाण्याची भीती असते. गोळीनं थांबतं म्हणून गोळ्या देत बसलो असतो तर काय झालं असतं, ते यावरून समजेल.

आपल्याकडे याहून जास्त आढळणारी गोष्ट म्हणजे मणक्याचा क्षयरोग. त्यात पुष्कळदा खोकला नसतो, म्हणून कुणाला सुचत नाही. बारीक ताप, वजन उतरणं, भूक मरणं, रात्रीचं दुखणं. पाठ बहुधा बाजूला न वाकता पुढे वाकते, मधला एक मणका हाताला टोचतो. पण सुरुवातीला आखडल्यामुळे मुलगी एका बाजूला कललेलीही दिसते. याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, पण साधारण वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ घ्याव्या लागतात. दोन-तीन महिन्यांत बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत. मुलीच्या बाबतीत या सोडल्या जातातही, आणि "दुखणं कमी झालंय ना आता?" असं विचारणाराही घरातलाच असतो.

एक प्रकार मात्र अजिबात थांबायचा नाही. पायात मुंग्या, पायातली ताकद कमी होणं, चालताना पाय अडखळणं, लघवीवरचा ताबा जाणं. तिथे मज्जारज्जूवर दाब असू शकतो. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यायचं. छातीच्या भागातला साधा बाक बहुतेक वेळा उजवीकडे फुगलेला असतो. डावीकडे असेल आणि दुखत असेल तर एमआरआय करायचा का, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

दुसरी मुलगी सातपूरची, पंधरा वर्षांची. तिची पाठ शाळा सुटताना दुखते, झोपल्यावर नाही. बाक बावीस अंश, उंचवटा उजवीकडे, पाळी येऊन दोन वर्षं झालीत. तिला पट्टाही नाही, शस्त्रक्रियाही नाही. पाठीचे व्यायाम आणि सहा महिन्यांनी पुन्हा फोटो. तिच्या आईचा विश्वासच बसेना की इतकंच करायचं. पण तिला एवढंच पुरेसं आहे.

आता तपासणीचं. पहिल्या मुलीला आधीच्या दवाखान्यात कपड्यांवरूनच बघितलं होतं. ती लाजली, आई गप्प, डॉक्टरही घाईत. कपड्यांवरून बाक कळतो, जागा कळत नाही. म्हणून आम्ही आता सोबत जाताना मागून उघडा राहणारा सुती झगा नेतो, पडदा ओढायला सांगतो आणि आत आईला किंवा आमच्यातल्या एकीला उभं करतो. झगे दोन आहेत. कुणाला लागले तर कार्यालयातून घेऊन जा, फक्त धुऊन परत आणा.