gm, hbd आणि सा.न.वि.वि.

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात ज्येष्ठ सभासदांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)

अध्यक्षमहाराज, कमिटीचे सर्व पदाधिकारी, भगिनींनो, बंधूंनो आणि मागच्या रांगेत मान खाली घालून मोबाईल बघणाऱ्या बाळगोपाळांनो,

मला दहा मिनिटे दिली आहेत आणि विषय मीच मागून घेतला आहे. आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी येणारे gm आणि वाढदिवसाला येणारे hbd. माझी चौतीस वर्षे बँकेत गेली. तिथे जीएम म्हणजे जनरल मॅनेजर. सकाळी सहाला फोनवर gm दिसले की अजूनही वाटते, आज हेड ऑफिसचे कोणीतरी इन्स्पेक्शनला येणार!

गंमत सोडा. आमच्या वयाचे पुष्कळ लोक या दोन-तीन अक्षरांनी मनातून दुखावतात आणि तरुण मंडळींना कळतच नाही की यात दुखावण्यासारखे काय आहे. दोन्ही बाजू मला थोड्या समजतात, म्हणून बोलतो.

पहिली गोष्ट, आखूड लिहिणे हे आजच्या मुलांचे पाप नाही. आपण मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आलो. पत्राच्या सुरुवातीला 'सा.न.वि.वि.' लिहायचो, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. वडिलांना 'ती.' आणि 'कृ.सा.न.वि.वि.', बरोबरीच्याला 'स.न.वि.वि.', धाकट्याला 'चि.' आणि अनेक आशीर्वाद. शेवटी 'ता.क.' होताच. मग त्याचा राग कोणाला का आला नाही? कारण ती अक्षरे लिहिण्याआधी पत्र कोणाला चालले आहे याचा विचार करावाच लागे. साष्टांग की सप्रेम, हे नाते ठरवायचे. मामांना चुकून स.न.वि.वि. गेले, तर पुढच्या सुट्टीत ते बोलून दाखवत! hbd मात्र ऐंशीच्या आजीला तेच आणि आठ वर्षांच्या नातवाला तेच. त्यात समोरचा माणूस कोण, हे कुठेच येत नाही.

दुसरे उदाहरण तारेचे. २०१३ च्या जुलैमध्ये आपल्याकडची तार सेवा बंद झाली, पण इथल्या निम्म्या लोकांच्या लग्नाला शुभेच्छांच्या तारा आल्या असतील. तारेला शब्दांवर पैसे पडत. म्हणून तार खात्याने शुभेच्छांची ठरावीक वाक्ये करून त्यांना नंबर दिले होते. आपण फॉर्मवर नुसता नंबर लिहायचा, तारेतून तो नंबर जायचा आणि पलीकडच्या ऑफिसात त्याचे पूर्ण वाक्य होऊन रंगीत कागदावर घरी यायचे. म्हणजे काटकसर वाटेत होती. घेणाऱ्याच्या हातात शुभेच्छा पूर्णच पडत असे. आता उलटे झाले आहे. वाटेत काही खर्च नाही आणि घेणाऱ्याच्या हातात तुकडा येतो.

मग हा तुकडा आला कुठून? त्यालाही कारण होते. एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावत, देवनागरीत लिहिले तर फक्त ७०. सणाच्या दिवशी स्वस्त पॅक चालत नसे, प्रत्येक मेसेजचे पैसे वेगळे. शिवाय फोनला आकड्यांची बटणे. गुड मॉर्निंग हे इंग्रजीत पूर्ण लिहायला मधली मोकळी जागा धरून चोवीस वेळा बटण दाबावे लागे, gm ला दोनदा. तेव्हा मुलांनी gm लिहिले ते शहाणपणाच केला. आज अक्षरांची मोजणी नाही, पैसे नाहीत. माईकचे चिन्ह दाबून मराठीत बोलले तरी फोन लिहून देतो. कारण गेले, सवय उरली. आणि घेणाऱ्याला नेमके तेच टोचते, की अडचण काही नसताना एवढेच?

आता आपल्याच इमारतीतली गोष्ट. नाव सांगत नाही. बी विंगमधल्या एका काकूंना यंदा ८० पूर्ण झाली. सकाळी ग्रुपवर त्यांचा फोटो आला. रात्रीपर्यंत ५२ मेसेज. दुसऱ्या दिवशी त्या फोन घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊ, हे काय लिहिलंय सगळ्यांनी? मला उत्तरं द्यायची आहेत, पण कोणी काय म्हटलंय तेच कळत नाही." मी जुना बँकवाला, बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. ३७ जणांचे hbd, ९ जणांची नुसती फुले आणि केक, आणि ६ जणांनी नाव घेऊन लिहिलेले. त्या सहांपैकी एक सी विंगमधल्या मुलाचा. "काकू, दहावीला तुम्ही गणित शिकवलंत म्हणून पास झालो. ऐंशीच्या खूप शुभेच्छा." काकूंनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि लगेच त्याला फोन लावला. बाकीच्यांवर त्या रागावल्या नाहीत हो. फक्त म्हणाल्या, "इतक्या जणांना आठवण झाली, पण बोललं कोणीच नाही."

त्या यादीत आणखी एक गोष्ट दिसली. पहिल्याने hbd लिहिले आणि खालच्या दहा जणांनी तेच उतरवले. नाव घेऊन लिहिलेला पहिला मेसेज आला, त्याच्या पाठोपाठ आणखी दोन तसेच आले. तेव्हा ग्रुपवर जो पहिला लिहितो, त्याच्यावर जबाबदारी जास्त. सेक्रेटरीसाहेब, फोटो तुम्ही टाकता, तेव्हा हे तुमच्याकडे!

पण gm ला सरसकट वाईट म्हणू नका. आमच्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर एकटे राहणारे चार जण आहेत. ते सकाळी सातच्या सुमारास gm टाकतात. ती त्यांची हजेरी असते, म्हणजे मी उठलो, ठीक आहे. मागच्या पावसाळ्यात एकांचे gm साडेआठपर्यंत आले नाही. शेजारच्यांनी बेल वाजवली, उत्तर नाही, मग ठेवायला दिलेल्या किल्लीने दार उघडले. गृहस्थ तापाने फणफणले होते, उठायचे बळ नव्हते. वेळेत डॉक्टर आले. तिथे त्या दोन अक्षरांचे मोल मोठे होते, कारण वाट बघणारे कोणीतरी होते. दोन मित्रांचे आपसातले hbd पण तसेच. संध्याकाळी ते भेटणारच असतात.

आमच्या बँकेत डीडी, टीटी, एमटी असे सगळे आखूडच चाले, पण काउंटरच्या आत. खातेदाराला पत्र गेले की पूर्ण शब्द आणि पूर्ण नाव. आतला माणूस आणि बाहेरचा माणूस, एवढा फरक ठेवला की भागते. ज्याला ती अक्षरे कळतात आणि जो तुम्हाला रोज भेटतो, त्याला खुशाल आखूड लिहा. वयाने मोठा, क्वचित भेटणारा, किंवा ज्याने तुम्हाला पूर्ण वाक्य लिहिले आहे, त्याला पूर्ण लिहा. आणि कोणाच्या घरी दुःख झाले असेल, तर तिथे rip टाकू नका. दोन ओळी सुचत नसतील, तर जिना चढून जा. आपल्याकडे लिफ्टही आहे, चालू असली तर!

लांब लिहायची गरज नाही. पाठवण्याआधी एकदा बघा, हाच मेसेज जसाच्या तसा दुसऱ्या कोणालाही चालला असता का? चालला असता, तर त्यात फक्त नाव आणि हाक घाला. 'मावशी', 'दादा', 'काका'. पाच सेकंद लागतात.

आता बाळगोपाळांनी मान वर केली आहे, म्हणजे थांबायची वेळ झाली. कळावे, लोभ असावा.