प्रश्न विचारा, पण शिट्टी वाजवू नका

 भोपाळच्या शारीरिक शिक्षकांच्या या अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून मी प्रथेप्रमाणे वर्षाचा आढावा घ्यायला हवा, तो दोन वाक्यांत उरकतो. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. आपल्या शाळांच्या मैदानांवर मात्र खो-खोचा तास होता तिथेच आहे, आणि तो तिथे का अडकलाय, एवढंच मला आज बोलायचं आहे.

माझी तक्रार आपल्या पाठ टाचणाबद्दल आहे. हर्बार्टच्या पंचपदीवर बेतलेलं वर्गातलं टाचण आपण उचललं आणि जसंच्या तसं मैदानावर आणून आपटलं. त्यात 'प्रश्न' नावाचा रकाना आहे. सराव पाठ पाहायला आलेले परीक्षक तो रकाना भरलाय का ते बघतात, आणि तो भरण्यासाठी शिक्षक खेळ थांबवतो. शिट्टी, सगळे गोळा, 'सांगा बरं, खो केव्हा द्यावा?', तीन हात वर, एकाचं उत्तर, पुन्हा शिट्टी. हिशेब करून पाहा. पस्तीस मिनिटांचा तास. हजेरी, रांगा आणि सांधे मोकळे करण्यात आठ-नऊ मिनिटं जातात. उरलेल्या वेळात असे पाच थांबे घेतले आणि गोळा होणं व पांगणं धरून प्रत्येकी दोन मिनिटं गेली, तर दहा मिनिटं संपली. सात मिनिटांच्या दोन पाळ्या कशाबशा बसतात. एवढं करून विचार केला कोणी? हात वर करणाऱ्या तिघांनी, तेही बहुधा विचार आधीच झालेला असल्यामुळे. हे बघून आपल्यातला दुसरा पक्ष म्हणतो की मैदानावर प्रश्न नकोतच, मुलं दमली पाहिजेत. वर्षानुवर्षं अधिवेशनांत हेच दोन पक्ष एकमेकांशी भांडत आलेत. माझ्या मते दोघेही एकाच समजुतीवर उभे आहेत, की प्रश्न म्हटला की खेळ थांबणारच आणि उत्तर तोंडानेच येणार. ही समजूत चुकीची आहे.

खो-खोचाच तास घेऊ, कारण या खेळात प्रश्नाची जागा नियमांनीच करून ठेवली आहे. मध्यपाटीवर आठ जण आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा आक्रमक धावतोय. त्याला मागे वळता येत नाही आणि मध्यपाटी ओलांडता येत नाही. पळणाऱ्यांवर यातलं एकही बंधन नाही. पळणारा दोन बसलेल्यांच्या मधून पलीकडे निसटला, की खांबाला वळसा घालण्याखेरीज आक्रमकाकडे एकच उपाय उरतो : ज्याची पाठ आपल्याकडे आणि तोंड पलीकडे आहे, त्याला खो देणे. म्हणजे खो कोणाला द्यायचा हे नियमच सांगतात, खरा निर्णय केव्हाचा आहे. पळणारा पाटी ओलांडायच्या आधीच दिला, तर नवा आक्रमक पलीकडे उठतो, पळणारा अलीकडेच राहतो आणि खो वाया जातो. उशीर केला तर पळणारा पलीकडे तीन-चार पावलं पुढे गेलेला असतो. आणि आक्रमक त्या बसलेल्याचा चौकोन ओलांडून पुढे गेला, तर मागे हात करून दिलेला खो फाउल ठरतो. नवशिक्या मुलांचा दोष जवळजवळ नेहमी एकच दिसतो, पळणारा पलीकडे गेल्यावरही ती आपल्याच बाजूने धावत राहतात. मग आपण काय करतो? रेषेवरून ओरडतो, 'खो दे! अरे, खो दे!' निर्णय शिक्षकाने घेतला, मुलाने फक्त हात लावला. पुढच्या पाळीत शिक्षक गप्प बसला की तोच मुलगा पुन्हा तसाच धावतो.

आता त्याच तासात प्रश्न कसा घालायचा ते सांगतो. पाळी सुरू होण्याआधी एकच प्रश्न, एका वाक्यात : 'पळणारा पाटी ओलांडणार हे तुम्हाला त्याच्या कशावरून कळेल?' उत्तर घ्यायचं नाही. 'पाळी संपल्यावर सांगा,' म्हणायचं आणि खेळ सुरू करायचा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने विज्ञानाच्या वर्गांत मोजून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात व एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. वर्गात तीन सेकंदांची शांतताही जड वाटते. मैदानावर आपल्याला अख्खी पाळी फुकट मिळते, आणि त्या काळात मूल नुसतं थांबलेलं नसतं, ते उत्तर शोधत पळत असतं. हा फायदा वर्गातल्या शिक्षकाला कधीच मिळणार नाही. आपण तो टाकून वर्गाची नक्कल करतो, याचा मला राग येतो.

पाळी चालू असताना फार तर एकदा खेळ गोठवायचा. 'थांबा!' म्हटलं की सगळे जिथे आहेत तिथेच. गोळा करायचं नाही, कोणाला बोलवायचं नाही. 'पळणारा कुठून निसटेल? बोट दाखवा.' आठ बसलेले, एक धावणारा आणि बाहेर बसलेले सगळे एकाच वेळी बोट दाखवतात. शिक्षकाला एका नजरेत कळतं की किती जणांना खेळ दिसतोय. मग लगेच 'चालू!' दहा सेकंदांच्या आत हे झालं पाहिजे. शेजारच्याचं बोट बघून आपलं फिरवणारी मुलंही तेव्हाच सापडतात. त्यांच्यासाठी दुसऱ्या खेपेला 'एक, दोन, तीन' म्हणून सगळ्यांची बोटं एकदम वर घ्यावीत. भोपाळच्या शाळांत आपण हा प्रश्न हिंदीतच विचारणार, आणि 'किधर से?' एवढे दोन शब्द त्याला पुरतात.

तिसरी जागा बाहेर बसलेल्यांची. पंचेचाळीस मुलांच्या वर्गात एका मैदानावर नऊ आक्रमक आणि तीन पळणारे, म्हणजे बारा जण खेळतात आणि तेहतीस बसतात. प्रश्नांमुळे खेळ मंदावतो म्हणून तक्रार करणाऱ्यांना ही तेहतीस बसलेली मुलं दिसत नाहीत, याचं मला नेहमी नवल वाटतं. पळणारे तीन-तीनच्या तुकडीने आत जातात, तेव्हा पुढच्या तुकडीला आधीच काम द्यावं : 'आत असलेले तिघं बाद होतात ते खांबाजवळ की मधल्या चौकोनांत, ते बघा आणि त्यावरून तुम्ही कुठे खेळायचं ते ठरवा.' ही तुकडी आत गेली की उत्तर पायांनी मिळतं. खांबाजवळ तिघं बाद झालेले बघूनही ती तिथेच घुटमळली, तर एक तर बघितलं नाही किंवा बघून उपयोग केला नाही. दोन्ही गोष्टी शिक्षकाला तिथल्या तिथे कळतात. आक्रमणाची प्रगती मोजायलाही वही लागत नाही. पळणारा पाटी ओलांडल्यापासून खो मिळेपर्यंत आक्रमक किती पावलं धावला, हे मोजावं. चार पावलांची दोन झाली, तर प्रश्न पोचला.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. पहिला : आधी कौशल्य घोटून घ्या, विचार नंतर. इंग्लंडमध्ये बंकर आणि थॉर्प यांनी 1982 मध्ये नेमका उलटा क्रम मांडला होता, की मुलाला आधी खेळाचा पेच दाखवा, म्हणजे कौशल्याची गरज त्यालाच जाणवते. मी त्यांच्या बाजूचा आहे, पण अर्धवट. खांबावरचा सूर किंवा खो देतानाचा हात घोटावाच लागतो, तिथे प्रश्न विचारून वेळ काढू नये. भालाफेक, गोळाफेक आणि घोड्यावरच्या उड्या यांत तर प्रश्न मुळीच नको, तिथे हुकूम चालतो. मॉस्टनने 1966 पासून शिकवण्याच्या पद्धतींचा जो पट्टा मांडला, त्याच्या एका टोकाला हुकूमच आहे आणि पुढच्या मांडणीत त्याने त्याला हीन ठरवलेलं नाही.

दुसरा आक्षेप प्रशिक्षकांचा आहे आणि तो मला जास्त गंभीर वाटतो : विचार करायला लावलं की खेळाडू अडखळतो. हे अर्धं खरं आहे. रिच मास्टर्स यांनी 1992 मध्ये गोल्फच्या पटिंगवर प्रयोग करून दाखवलं की हालचालीचे शाब्दिक नियम पाठ करून शिकलेले लोक दडपणाखाली जास्त घसरतात. गॅब्रिएल वुल्फ यांच्या प्रयोगांतही स्वतःच्या शरीराकडे लक्ष दिल्यापेक्षा बाहेरच्या परिणामाकडे लक्ष दिल्यावर लोक चांगलं शिकले. पण हे निष्कर्ष प्रश्नाच्या विरुद्ध जात नाहीत, वाईट प्रश्नाच्या विरुद्ध जातात. 'तुझा गुडघा किती वाकला होता?' हा मैदानावरचा वाईट प्रश्न, कारण तो मुलाला स्वतःच्या गुडघ्यात अडकवतो. 'पळणाऱ्याची नजर कुठे होती?' हा चांगला, कारण तो त्याला समोर बघायला लावतो. शरीराबद्दल विचारू नका, जागेबद्दल आणि प्रतिस्पर्ध्याबद्दल विचारा. आणि धावत्या मुलाला तर काहीच विचारू नका. त्याचं लक्ष तुमच्याकडे वळलं की खांब त्याच्या कपाळाला लागेल.

आणखी दोन प्रश्न मी बंदच करीन. एक, 'समजलं का?' याचं उत्तर 'हो सर' असतं आणि त्यातून काहीही कळत नाही. दुसरा, 'असं का केलंस?' चुकीनंतर विचारलेला हा प्रश्न मुलाला रागावल्यासारखा ऐकू येतो, आणि ते विचार न करता मान खाली घालतं. त्याऐवजी 'पुढच्या वेळी तिथे काय करशील?' म्हणावं. चूक तीच, पण मूल मागे न बघता पुढे बघतं.

टाचणाच्या नमुन्यातला तो रकाना बदलायला हवा. 'प्रश्न' ऐवजी 'पाळीआधीचा प्रश्न आणि उत्तर कुठे दिसेल' असं काहीतरी. नेमके शब्द आणि नमुना ठरवायला या अधिवेशनाने तीन-चार जणांची समिती नेमावी, असं मी सुचवतो. ती कोणाची असावी आणि काम कधी पुरं करावं, ते दुपारी बघू. कबड्डीचा प्रश्न मी मुद्दामच सोडला आहे. तीस सेकंदांची चढाई आणि तोंडात सतत 'कबड्डी, कबड्डी', चढाईपटूला उत्तर द्यायला तोंडच मोकळं नसतं. तिथे प्रश्न पकडीच्या साखळीतल्या सात जणांना विचारायचा की बाद होऊन बाहेर बसलेल्यांना, यावर माझं मत पक्कं आहे, पण कबड्डीवाले सहकारी आधी बोलू देत.