पाच मिनिटांचे स्वागत

(प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांच्या उद्बोधन वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



दुसऱ्यांसाठी भाषणे लिहून देणे हा माझ्या नोकरीचाच एक भाग आहे. तेव्हा पहिलीत नव्याने दाखल झालेल्या मुलांच्या पालकांपुढे मुख्याध्यापकांनी कसे बोलावे, हा विषय मला सोपा वाटावयास हवा होता. तो तसा वाटत नाही, याला एक प्रसंग कारणीभूत आहे.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या पहिल्या दिवसाचे वृत्त घेण्यासाठी मी एका गावी गेलो होतो. व्यासपीठ सजले होते. पाहुण्यांचे सत्कार झाले, नारळ झाले, आणि मुख्याध्यापक बोलावयास उभे राहिले. शाळेची स्थापना, इमारतीचा इतिहास, शिष्यवृत्तीचे निकाल आणि बालकांचा सर्वांगीण विकास असे सर्व काही त्यांनी चाळीस मिनिटांत सांगितले. भाषण चांगले होते. परंतु खुरपणीची अर्धी मजुरी सोडून आलेल्या आया मागच्या बाजूला लिंबाखाली चुळबुळत होत्या आणि मुले त्यांच्या मांडीवर झोपून गेली होती. कार्यक्रम संपल्यावर त्यांतील एकीने मला अधिकारी समजून विचारले, “साहेब, आमच्या पोरीचा वर्ग कोणता?” चाळीस मिनिटांत नेमके हेच एक वाक्य राहून गेले होते.

त्या बाईच्या प्रश्नावरून मी या भाषणाचे मोजमाप करू लागलो. शाळेच्या फाटकात उभा असलेला पालक तीन प्रश्न मनात घेऊन येतो. माझे लेकरू येथे कोणाच्या हाती राहणार? माझ्याकडून काय हवे आहे? आणि उद्या काही अडले तर मी कोणाकडे जाऊ? या तिहींची उत्तरे पाच मिनिटांत मावतात. जे यांचे उत्तर नाही, ते त्या दिवशी बाजूला ठेवता येते.

पाच मिनिटे म्हणजे किती, हे मात्र कागदावर पाहून कळत नाही. सावकाश, मागच्या रांगेला ऐकू जाईल असे बोलले, तर मिनिटाला सुमारे शंभर शब्द होतात. मुले रडतात, ध्वनिक्षेपक मध्येच बंद पडतो, एखादी आजी उठून काही विचारते. त्यासाठी एक मिनिट सोडले, तर हाती चारशे शब्द उरतात. मजकूर लिहून झाल्यावर उभे राहून, घड्याळ समोर ठेवून, मोठ्याने वाचावा. पहिला मसुदा हमखास लांबतो. कापावयाचे झाल्यास आरंभापासून कापावे, कारण अनावश्यक शब्द बहुधा तेथेच साचलेले असतात.

आता एक शाळा डोळ्यांसमोर आणू. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एक लहान गाव, जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, पहिलीत वीस-बावीस मुले. निम्म्या घरांतील आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा शाळेत जूनमध्ये नाव घातलेले मूल नोव्हेंबरमध्ये पटावर असते, पण वर्गात नसते. त्या शाळेचे मुख्याध्यापक पहिल्या दिवशी काय बोलतील? मी केलेला मसुदा आपल्याला वाचून दाखवतो.

“राम राम मंडळी. आई, वडील, आजी, आजोबा, आणि कडेवर बसून आलेले माझे लहान पाहुणे, या. आपल्या शाळेत तुमचे मनापासून स्वागत.

काही मुले रडत आहेत. रडू द्या. सहा वर्षे जे लेकरू तुमच्या पदराला धरून होते, त्याला आज नवे दार दिसते आहे. थोड्या दिवसांत त्याला या दाराची सवय होईल. ज्या आईचा पाय निघत नसेल, तिने आज वर्गात मागे बसावे. कोणी उठवणार नाही.

दाराशी उभ्या आहेत त्या पहिलीच्या बाई. त्यांचे नाव (येथे नाव सावकाश, दोनदा घ्यावे). वर्ग डाव्या हाताचा पहिला. दारावर मोर काढला आहे. ‘मोराचा वर्ग’ म्हटले की लेकरू चुकणार नाही. पाण्याची टाकी वर्गासमोर आहे, आणि मुलींचे व मुलांचे स्वच्छतागृह तिच्या पलीकडे. आज बाई प्रत्येक मुलाला हात धरून तेथे नेऊन आणतील, कारण लहान मूल विचारायला लाजते.

शाळा सकाळी दहाला भरते आणि पाचला सुटते. दुपारचे जेवण शाळेतच, सगळ्यांचे एका पंगतीत. पुस्तकांना पैसे लागत नाहीत. कोणाला एखादा पदार्थ सोसत नसेल, कोणाला फेफरे येत असेल, कमी ऐकू येत असेल, तर ते आजच बाईंच्या कानावर घाला. या शाळेत मुलाला मारायचे नाही, असा आमचा नेम आहे. कोणी हात उगारला, तर मला येऊन सांगा.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, आम्हाला लिहिता-वाचता येत नाही, आम्ही अभ्यास कसा घ्यावा? शिकवणे हे आमचे काम आहे. तुम्ही रात्री भाकरी थापताना एवढेच विचारा, ‘आज शाळेत काय झाले?’ आणि ते सांगेल ते शेवटपर्यंत ऐका. बोलता बोलता त्याची भाषा वाढते, आणि वाचायला शिकताना तीच त्याच्या उपयोगी पडते.

आता माझे एकच मागणे. दिवाळीच्या सुमारास आपल्यापैकी पुष्कळ जण ऊसतोडीला जातील. पोटासाठी जावे लागते, त्यात कमीपणा नाही. पण मुकादमाकडून उचल घेतलीत, की त्याच आठवड्यात शाळेत येऊन सांगा. गाडी दारात आल्यावर नको. लेकरू आजीजवळ राहणार असेल, तर हंगामी वसतिगृहातून त्याच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून आम्हाला नावे आधी कळवावी लागतात. बरोबर न्यावेच लागले, तर शिक्षण हमी पत्रक घेऊन जा आणि कारखान्याजवळच्या शाळेत दाखवा. परत आलात की त्याची जागा याच वर्गात असेल. न सांगता मात्र जाऊ नका.

मी रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास वडाखाली बसतो. चिठ्ठी नको, वशिला नको. तेथे खुर्ची ठेवलेली आहे. या आणि बसा.

चला, आता लेकराचा हात बाईंच्या हातात द्या.”

मसुदा येथे संपतो. तो वाचून पाहिला तर चार मिनिटांच्या आसपास होतो. आता त्यातील काही जागांविषयी सांगतो.

पहिली जागा अभ्यासाची. ‘पालकांनी पाल्याचा अभ्यास घ्यावा’ हे वाक्य आपण सवयीने बोलतो. शाळेची पायरी कधी न चढलेल्या आईला त्यातून एवढेच ऐकू येते, की या कामात आपला उपयोग नाही. त्यानंतर ती शाळेकडे फिरकत नाही, आणि आपण तिला उदासीन पालक म्हणतो. तिला जे काम करता येते, तेच तिला सांगावे. मुलाचे बोलणे ऐकून घेणे हे काम तिला येते आणि ते खरोखरच शिक्षणाचे काम आहे.

दुसरी जागा मागण्याची. भाषणात मागणे एकच आहे. गणवेश, नखे, वेळेवर येणे, बचत, वृक्षारोपण अशी दहा मागणी केली, तर घरी पोहोचेपर्यंत एकही आठवत नाही. या गावात मूल शाळेतून सुटण्याचा धोका ऊसतोडीच्या दिवसांत आहे, म्हणून मागणेही त्याविषयीच आहे. आपल्या गावी ते निराळे असेल. कोठे भाताच्या लावणीच्या दिवसांत मुले घरी राहतात, कोठे थोरल्या मुलीला धाकट्या भावंडासाठी घरी ठेवतात. गेल्या वर्षीचा हजेरीपट उघडा. कोणत्या महिन्यात कोणती मुले दिसेनाशी झाली, हे पाहिले की आपले एक मागणे आपल्याला सापडेल.

तिसरी जागा वचनाची, आणि येथे फार जपले पाहिजे. ‘जेवणाची सोय आहे’ असे मसुद्यात म्हटलेले नाही. ‘सोय व्हावी म्हणून नावे कळवावी लागतात’ असे म्हटले आहे. हंगामी वसतिगृहाला मंजुरी मिळावी लागते, आणि ती कधी उशिरा येते. पहिल्या दिवशी दिलेला शब्द नोव्हेंबरमध्ये खोटा ठरला, तर पुढल्या वर्षी ती आजी आपल्यावर विश्वास ठेवणार नाही. शिक्षण हमी पत्रकाचेही तसेच आहे. टोळी कर्नाटकातील कारखान्यावर जाणार असेल, तर जवळच्या शाळेचे माध्यम कन्नड असण्याचा संभव असतो. अशा घराला पत्रकाच्या भरवशावर सोडू नये. मूल मागे ठेवता येईल का, हे त्यांच्याशी निराळे बसून बोलावे.

भाषणातून काय गाळले, तेही सांगतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. मुलाला शारीरिक शिक्षा अथवा मानसिक त्रास देण्यास त्याच्या सतराव्या कलमाने मनाई केली आहे. मी कलमाचा उल्लेख केला नाही. ‘मला येऊन सांगा’ या शब्दांत तो कायदा पालकाच्या हाती येतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, हेही त्यांना कळले पाहिजे. पण ती माहिती पालकांच्या पहिल्या सभेत सावकाश द्यावी. रडणारे मूल सांभाळीत ती ऐकणे कोणाला शक्य नाही. पंचायतीचे पदाधिकारी आले असतील, तर त्यांचा सत्कार मुले वर्गात गेल्यावर करावा. त्यांनाही ते आवडेल, असा माझा अनुभव आहे.

भाषण साधले की नाही, हे टाळ्यांवरून ठरवू नये. परत जाताना फाटकाशी दोघा-तिघा पालकांना सहज विचारावे, “बाईंचे नाव काय हो? आणि काही अडले तर कोणाकडे येणार?” दोन्ही उत्तरे मिळाली, तर भाषण पोहोचले. मिळाली नाहीत, तर तेथेच उभे राहून पुन्हा सांगावे.

खरी परीक्षा मात्र दिवाळीच्या आधी होते. शाळा सुटल्यावर वडाखालच्या त्या खुर्चीवर कोणी येऊन बसले आणि म्हणाले, “गुरुजी, उचल घेतली, तुम्ही सांगा म्हणाला होता म्हणून आलो,” तर जूनमधली ती पाच मिनिटे कामी आली असे समजावे. त्या दिवशी आपण खुर्चीजवळ असलो पाहिजे.