थकलेली आजी आणि ठिसूळ कागद



जुन्नरात उभं राहून जुनेपणाबद्दल बोलायचं म्हणजे तुमच्याच अंगणात तुम्हाला रस्ता दाखवण्यासारखं आहे. तरी आज विषय जुन्याचा नाही, दुबळ्याचा आहे. कथा लिहिणारी तरुण मंडळी म्हाताऱ्या माणसांबद्दल लिहिताना एक वाक्य हमखास लिहितात : ‘आजी आता फार नाजूक झाली होती.’ व्याकरणात काही चूक नाही, पण कान अडतो.

नाजूकपण हे वस्तूचं मूळचं असतं. काचेची बांगडी घडवली तेव्हापासून नाजूक असते, काकडीचा वेल उगवला तेव्हापासून नाजूक असतो. डोंगरात हिरडा गोळा करून, भाताची खाचरं चिखलून ऐंशीला पोचलेली आंबेगावची आजी मुळात नाजूक कधी नव्हतीच. शिवाय ‘आजीची तब्येत नाजूक आहे’ म्हटलं, की ऐकणारा नातेवाइकांना कळवायच्या तयारीला लागतो. लेखकाला म्हणायचं असतं ते या दोन्हींच्या मधलं.

आता वस्तूकडे बघू, आणि त्यासाठी तुमचाच जुन्नरी कागद घेऊ. इथे पूर्वी हातकागद बनायचा. असा जुना हातकागद हाती आला तर पाहा : कडा झिजलेल्या, कसरीनं भोकं पाडलेली, रंग मळलेला. तो जीर्ण आहे. पण पान उलटताना सहसा तुटत नाही, कारण चिंध्यांच्या किंवा तागाच्या लगद्यातले धागे लांब असतात आणि एकमेकांत गुंतलेले असतात. त्याच्या शेजारी पन्नास वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र ठेवा. लाकडाच्या लगद्याच्या त्या कागदात आम्ल तयार होतं, धागे आतून तुटत जातात. घडीवर बोट दाबलं की तुकडा हातात येतो. तो ठिसूळ. म्हणजे वयानं मोठा कागद जीर्ण आणि धाकटा ठिसूळ, असंही होतं. ‘जीर्ण’ हा शब्द काळाबद्दल बोलतो, ‘ठिसूळ’ मोडण्याच्या तऱ्हेबद्दल. तिसरा ‘तकलादू’, तो बनवणाऱ्याला दोष देतो : महिन्याभरात पाय डुगडुगणारं टेबल तकलादू असतं, आजोबांच्या वेळचं नव्हे.

माणसाकडे आलो की शब्दांची जात बदलते. वस्तूला बहुधा विशेषण लागतं, माणसाला क्रियापद. म्हातारा थकला, वाकला, खंगला, खचला. या प्रत्येकात ‘आधी तसा नव्हता’ हे आपोआप येतं, आणि म्हाताऱ्या माणसाबद्दल सांगायचं असतं ते हेच. यातही अदलाबदल चालत नाही. खंगणं दिसतं : सदरा सैल होतो, गालफडं बसतात, मागे बहुधा दुखणं असतं. खचणं दिसेलच असं नाही. जमीन वरून धड दिसते आणि खालची माती निघून गेलेली असते, तेव्हा आपण ‘जमीन खचली’ म्हणतो. मुलगा गेल्यावर दोन भाकऱ्या खाणारा बापही तसा खचलेला असू शकतो. ‘जर्जर’ला बहुतेकदा सोबत कारण लागतं : रोगानं जर्जर, वयानं जर्जर. नुसतं ‘जर्जर आजोबा’ पोथीतून उचलल्यासारखं वाटतं.

वस्तूचे शब्द माणसाला लावूच नयेत असं मात्र मी म्हणणार नाही. अवयवाला ते बिनदिक्कत लागतात : हाडं ठिसूळ, दात खिळखिळे. अख्ख्या माणसाला लावताना पाहावं लागतं. ‘गुडघ्यांपासून मानेपर्यंत खिळखिळा झालेला म्हातारा’ चालतो, कारण खिळखिळेपण सांध्यांचं असतं आणि बाजेला जसे सांधे असतात तसे माणसालाही. ‘मोडकळीस आलेला म्हातारा’ म्हटलं की लेखक त्याची टिंगल करतोय असं वाटतं. ‘तकलादू म्हातारा’ तर शिवीच होते. ‘दुबळा’ जपून वापरा. गोरगरीब म्हणायला ‘दीनदुबळे’ म्हणतात, त्यामुळे तो शब्द शरीरावरून परिस्थितीवर आणि मनावर घसरतो. अजून घर धाकात ठेवणाऱ्या आजीला दुबळी म्हणाल तर तिची सून हसेल.

आता ते वाक्य दुरुस्त करू. ‘आजी नाजूक झाली होती’ याऐवजी लिहून बघा : ‘आजी थकली होती. हंडा आता अर्धाच भरायची, आणि उंबऱ्यापाशी आल्यावर आधी चौकट धरायची.’ दुसऱ्या वाक्यानंतर पहिलं खोडलं तरी चालेल. मी मात्र ठेवीन, कारण ‘थकली’ हे घरचा माणूस बोलतो आणि हंडा लेखकाला दिसतो.

आणि आजी स्वतः काय म्हणेल? यातला एकही शब्द तिच्या तोंडी देऊ नका. कोणतीही म्हातारी ‘मी क्षीण झाले’ म्हणत नाही. ती म्हणते, ‘आता न्हाई व्हत रं,’ आणि लगेच विचारते, कुणी गुरांना पाणी दाखवलं का.