नव्या हिशेबनीसाची फी

परभणीच्या मोंढ्यातलं एक कृषी सेवा केंद्र समजा. तिथलं जीएसटीचं काम नुकतंच स्वतंत्र झालेल्या हिशेबनीसाकडे आलं आहे. नाव अजून झालेलं नाही, मग फी किती सांगायची?

आधी स्वतःचा खर्च मांडा. ऑफिसचं भाडं, सॉफ्टवेअर, नेट, प्रवास मिळून महिन्याला १२ हजार आणि घरखर्चाला २४ हजार, असे ३६ हजार धरू. नव्या माणसाचे पैसे मिळवून देणारे तास महिन्याला सहसा १२०च्या वर जात नाहीत. बाकीचा वेळ ग्राहक शोधण्यात आणि वसुलीत जातो, हे बहुतेक जण विसरतात. म्हणजे तासाला ३०० रुपये.

आता काम मोजा. १२० बिलं, नोंदीला प्रत्येकी ३ मिनिटं, म्हणजे ६ तास. GSTR-2B शी खरेदी जुळवणं २ तास, विवरणपत्रं आणि फोन २ तास. एकूण १० तास, फी ३ हजार.

दुकानदार म्हणतो, "दुसरा दीड हजारात करतो, भाऊ." तेव्हा दर पाडू नका, काम कमी करा. बिलांची नोंद दुकानात झाली तर ४ तास उरतात, फी १,२०० होते. एकदा पाडलेला दर पुढे वाढवणं फार जड जातं.

तीन महिने तास वहीत लिहा. १० चे १४ झाले, तर ती वही दाखवूनच नवी फी ठरवा.