बिडाचा तवा, पातळ पॅन आणि पाणी सुटलेलं चिकन

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, "बिडाच्या भांड्याचं एवढं कौतुक का? लोखंड ते लोखंडच ना?" प्रश्न बरोबर आहे, आणि मी स्वतः त्याच्यावर आपटलोय. म्हणून आज तेवढंच.

नोकरीला लागल्यावर मी पहिलं भांडं घेतलं ते पातळ, चकचकीत स्टीलचं पॅन. रस्सा करण्याआधी चिकनला छान तपकिरी रंग आणायचा होता. पॅन कडकडीत तापवलं आणि अर्धा किलो बोनलेस एकदम ओतलं. पहिले पाच-दहा सेकंद मस्त चुरचुर आवाज. मग तो आवाज मऊ पडत गेला, बुडबुड सुरू झाली, आणि दोन मिनिटांत तळाला करडं पाणी. चिकन भाजलं नाही, उकडलं. गॅस फुल होता!

आता गंमत अशी, की ग्रॅमला ग्रॅम तोलला तर बीड आणि स्टील जवळपास सारखीच उष्णता धरतात. एक किलो कुठलंही घ्या, एक अंशाने तापवायला साधारण अर्धा किलोजूल लागतो. बिडात जादू काही नाही, वजन आहे. माझं जुनं स्टीलचं पॅन भरलं ७०० ग्रॅम, आणि त्याच आकाराचं बिडाचं पॅन २.३ किलो. म्हणजे एक अंशामागे बिडात १ किलोजूलच्या आसपास साठा, आणि स्टीलमध्ये त्याच्या एक तृतीयांश. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, बफर मोठा.

हा साठा खातं कोण? पाणी. चिकनच्या पृष्ठभागावरचं १० ग्रॅम पाणी, म्हणजे दोन चमचे, तापून त्याची वाफ व्हायला सुमारे २५ किलोजूल लागतात. दोन्ही पॅन २२० अंशांवर आहेत असं धरा आणि गॅस क्षणभर विसरा. बीड २५ अंश उतरून १९५ वर येतं. स्टील सत्तरेक अंश उतरून १५० च्या खाली. रंग आणि खमंगपणा देणारी क्रिया साधारण १४० च्या खाली फारच मंदावते, आणि पाणी साचलं की मांसाचा पृष्ठभाग १०० च्या वर जातच नाही. झालं उकडलेलं चिकन. गार मांस तापवायला लागते ती उष्णता मी यात धरलेलीच नाही, म्हणजे प्रत्यक्षात हाल याहून वाईट.

मग गॅस काय करतो? घरच्या बर्नरमधून भांड्यात सेकंदाला एक किलोजूल पोचतो असं ढोबळ धरा. २५ किलोजूल भरून काढायला २५ सेकंद, आणि तेवढ्यात चिकन आणखी पाणी सोडतं. म्हणून पातळ पॅन असेल तर उपाय साधा: तुकडे आधी कोरडे पुसा, एका वेळी थोडेच टाका, मध्ये जागा सोडा. कान द्या. चुरचुर मंदावली की समजा, जास्त टाकलंत.

बिडाची दुसरी बाजूही सांगतो. त्यात उष्णता पसरते हळू. मोठ्या आचेवर घाईत तापवलं तर मधोमध काळं आणि कडा थंड. मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं द्या. पाण्याचा थेंब टाकून बघा: नुसता सळसळून आटला तर अजून थांबा, मोत्यासारखा नाचत पळाला की तयार. (लेझरवाला थर्मामीटर घेऊ नका लगेच. चकचकीत स्टीलवर तो बिनधास्त खूप कमी आकडा दाखवतो. मी यात पैसे घालवलेत.) आणि गॅस बंद केल्यावरही बीड तापलेलंच राहतं. लसणीची फोडणी त्यात केलीत तर आच कमी करेपर्यंत लसूण कडू. तिथे पातळ पळीच हवी, उचलली की गार.

आता तळण. काचऱ्यांसारखं थोड्या तेलातलं परतणं असेल तर वरचाच हिशोब लागू, जड तवा घ्या. पण बटाटेवडे वेगळे. एक लिटर तेल स्वतःच अंशामागे पावणेदोन-दोन किलोजूल धरून बसतं, म्हणजे माझ्या बिडाच्या पॅनपेक्षाही जास्त. तिथे कढई पातळ असली तरी फारसं बिघडत नाही, बफर तेलाचा आहे. बिघडतं ते तेल अर्धा लिटर घेऊन आठ वडे एकदम सोडल्यावर. तेल गार होतं, वडे तेल पितात, आणि आपण कढईला शिव्या देतो. माझ्या आईचा नियम, एका घाण्याला चारच, त्या आकड्यांशी बरोबर जुळतो. तिने कधी वजनकाटा काढला नव्हता.

ते स्टीलचं पॅन मी टाकलेलं नाही. कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही त्यात करतो. आंबट टोमॅटो बिडावरचा तेलाचा थर खातो, आणि रस्सा काळपट होतो.