चहाचा कितवा कप आपला?

(बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

हिशेबाच्या सत्रात बोलायला मला सांगितलं तेव्हा दोघी-तिघींनी आधीच बजावलं, ‘ताई, फळ्यावर आकडे फार लिहू नका, झोप येते.’ म्हणून मी आज एकच हिशेब मांडणार आहे. तोही चहाचा. पण या हिशेबापायी एका बाईवर चोरीचा आळ आला होता. त्यामुळे झोप येणार नाही अशी आशा आहे.

आमच्या भागातल्या एका गावात दरवर्षी पाच दिवस जत्रा भरते. तिथल्या एका गटाने जत्रेत चहाचं पाल टाकायचं ठरवलं. जागाभाडं 6,000 रुपये, कपाला 10 रुपये. बैठकीत एकीने झटकन तोंडी हिशेब केला, ‘सहाशे कप गेले की भाडं फिटलं. पुढचा सगळा आपला.’ सगळ्यांना पटलं. खरं सांगते, मी त्या बैठकीत होते आणि मलाही त्यात काही चुकलं असं त्या क्षणी वाटलं नाही.

चौघी पाच दिवस राबल्या. पहाटे चारला चूल पेटायची, रात्री दहाला भांडी घासून व्हायची. जत्रा संपली, डबा उघडला. डब्यातले आणि मोबाईलवर आलेले मिळून 12,340 रुपये भरले. त्यातले 10,500 गटाच्या बचतीतून उचललेले होते, ते परत ठेवले. उरले 1,840.

आता बायकांच्या डोक्यात तो सहाशेचा आकडा पक्का बसलेला. ‘दोन हजारावर कप गेले असतील. सहाशेच्या वरचे सगळे आपले होते ना? मग पैसे गेले कुठे?’ आणि अशा वेळी बोट कुणाकडे जातं? गल्ल्यावर बसलेल्या बाईकडे. त्यात मोबाईलवरच्या पैशांसाठी जो कोड लावला होता तो तिच्या मुलाच्या खात्याचा. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण ती पुढच्या दोन बैठकांना आली नाही. घरी गेले तर म्हणाली, ‘ताई, मी पाच दिवस डब्याला हात लावायच्या आधी पदराला हात पुसत होते. आणि आता माझ्याकडं बघून बाया कुजबुजतात.’

तेव्हा आम्ही सगळ्या पुन्हा बसलो. वही कुणी ठेवली नव्हती. पण दूधवाल्याकडे त्याची वही होती, वाण्याच्या चिठ्ठ्या होत्या आणि कागदी कपांची पाकिटं मोजून आणलेली होती. तेवढ्यावरून आम्ही हिशेब उलटा उकलला. तोच आता तुमच्यापुढे मांडते.

पहिली गोष्ट म्हणजे दोन प्रकारचे खर्च वेगळे करायचे. एक खर्च असा की एकही कप विकला नाही तरी जातोच. जागाभाडं 6,000, मांडव आणि टेबलं 1,500, विजेची जोडणी 1,000, टेंपोचं जाणं-येणं 1,200, मोठी शेगडी आणि पातेली भाड्याने 800. एकूण 10,500. म्हणजे बैठकीत आपण नुसतं जागाभाडं धरलं होतं, बाकीचे साडेचार हजार कुणाच्या डोक्यातच नव्हते.

दुसरा खर्च कपागणिक वाढतो. आम्ही एका पातेल्याचा हिशेब केला. एक लिटर दूध, एक लिटर पाणी. उकळून, गाळून पावणेदोन लिटर चहा हाती येतो. सत्तर मिलिलिटरचा छोटा कप धरला तर त्यात बरोबर 25 कप बसतात. दूध 60 रुपये, 40 ग्रॅम चहा पावडर 16 रुपये, 200 ग्रॅम साखर 9 रुपये, आलं-वेलची 5, गॅस 5 आणि 25 कागदी कप 15 रुपये. झाले 110. पंचवीसने भागा. एका कपाचा खर्च 4 रुपये 40 पैसे.

म्हणजे गिऱ्हाईक दहाची नोट देतं तेव्हा त्यातले 4.40 दूधवाल्याचे आणि वाण्याचे. आपल्याकडे राहतात 5.60. भाडं फिटतं ते या 5.60 मधून, दहामधून नाही. बैठकीतली दुसरी आणि मोठी चूक ती होती. आता 10,500 ला 5.60 ने भागा. उत्तर येतं 1,875. पुस्तकात याला ‘ना नफा ना तोटा बिंदू’ म्हणतात. आमच्या बायका ‘बरोबरीचा कप’ म्हणतात, मीही तेच म्हणते. सहाशेवा कप हा बरोबरीचा कप नव्हता, तो होता अठराशे पंच्याहत्तरावा.

मग गल्ल्याकडे वळलो. दूधवाल्याच्या वहीत 106 लिटर दूध होतं. पंचवीसने गुणलं तर 2,650 कप. कागदी कपांची 53 पाकिटं संपली होती, प्रत्येकात पन्नास. तेही 2,650. दोन्ही आकडे जुळले. इतक्या कपांचा खर्च 11,660 रुपये, तो रोजच्या रोज गल्ल्यातूनच भागवला होता. त्यात शेवटी राहिलेले 12,340 मिळवले की 24,000 होतात. म्हणजे पैसे आले 2,400 कपांचे. अडीचशे कपांचे आले नाहीत.

हे अडीचशे कप कुठे गेले? आता एकेकीला आठवायला लागलं. जत्रेच्या व्यवस्थेतली मंडळी रोज येऊन बसायची, ‘पाठव गं पाच-सहा कप’ म्हणायची. दिवसाला तीस तरी. पाच दिवसांचे दीडशे. चौघी स्वतः दिवसाला तीन-तीन कप प्यायल्या, ते साठ. एक अख्खं पातेलं करपलं, ते पंचवीस. झाले 235. उरले पंधरा कप, म्हणजे दीडशे रुपये. सांडलेला, लवंडलेला, सुट्ट्या पैशांअभावी सोडून दिलेला चहा त्यात आला. मुलाच्या खात्याचा उतारा त्याने स्वतः आणून दाखवला, तोही जुळला.

खोलीत कुणी बोललं नाही. मग जिने सहाशेचा हिशेब केला होता तीच उठली आणि म्हणाली, ‘चोरी झाली नाही, आपला भागाकार चुकला.’ गल्ल्यावरच्या बाईला बोलावणं तिनेच नेलं.

पण मैत्रिणींनो, हिशेब इथे संपत नाही. बायका म्हणाल्या, ‘बरं, 1,840 तर 1,840. नफा तर झाला.’ मी विचारलं, त्या पाच दिवसांत तुम्ही खुरपायला गेला असता तर? आमच्याकडे तेव्हा बाईचा रोज 300 रुपये होता. चौघींचे वीस रोज, म्हणजे 6,000. तो खर्च आपण कुठे लिहिला? कुठेच नाही. 1,840 ला विसाने भागलं तर एका बाईला दिवसाचे 92 रुपये पडले, तेही पहाटे चार ते रात्री दहा. ज्याला आपण नफा म्हणत होतो ती आपलीच मजुरी होती आणि तीही तिसऱ्या हिश्श्याहून थोडी कमी. घरात चहा फुकट करतो म्हणून जत्रेतही आपले हात फुकट धरायचे, ही सवय इतकी मुरलेली आहे.

मग फळ्यावर 10,500 मध्ये हे 6,000 मिळवले. 16,500 भागिले 5.60. खरा बरोबरीचा कप निघाला 2,947 वा. रोजचे जवळपास 590. पैशाचे कप गेले होते 2,400. म्हणजे धंदा तोट्यात होता आणि तो तोटा चौघींनी अंगावर घेतला होता.

एक सावधगिरी सांगते. 4.40 हा आकडा कप भरणाऱ्या हातावर अवलंबून असतो. मायेने काठोकाठ, ऐंशी मिलिलिटर ओतलं तर पातेल्यातून 22 च कप निघतात. कपाचा खर्च 4.92 होतो, हाती राहतात 5.08. मजुरी न धरताही बरोबरीचा कप 1,875 वरून 2,067 वर जातो. हे ओळखायचं कसं? एका लिटरमागे किती कागदी कप गेले ते दर पातेल्याला बघायचं. पंचवीसच्या खाली आले की ओतणारीला सांगायचं.

दुसऱ्या वर्षी गटाने आधी हिशेब केला, मग पावती फाडली. पहिला आणि शेवटचा दिवस जत्रा रिकामी असते. 2,400 पैकी 2,000 च्या आसपास कप मधल्या तीन दिवसांत गेले होते, हे सगळ्यांच्या आठवणीत होतं. म्हणून तीनच दिवसांची जागा मागितली. आधी नकार आला, दोन खेपांनंतर 4,000 वर ठरलं. मांडव, वीज, टेंपो, शेगडी मिळून 3,300. चौघींची तीन दिवसांची मजुरी 3,600, पहिल्याच ओळीत लिहिली. स्वतःच्या चहाचे 36 कप, त्यांचे 160 रुपये. एकूण 11,060. बरोबरीचा कप 1,975 वा. म्हणजे जेमतेम जमणार होतं, एका शर्तीवर, की फुकटचा चहा बंद. तेव्हा व्यवस्थेतल्या मंडळींना सांगितलं, ‘चहा पाठवतो, पण चिठ्ठीवर. चिठ्ठ्यांचे पैसे रात्री द्या.’ पहिल्या दिवशी कुरकुर झाली. रात्री पैसे आले.

त्या तीन दिवसांत पैशाचे 2,040 कप गेले. चौघींना प्रत्येकी 900 रुपये रोज मिळाला आणि गटाच्या खात्यात साडेतीनशेच्या आसपास पडले. रक्कम मोठी नाही. पाऊस आला असता तर तीही गेली असती, आणि जागाभाडं परत मिळालं नसतं. चौथ्या वर्षी भाडं वाढवून मागितलं तेव्हा याच हिशेबावरून गटाने नाही म्हटलं. नाही म्हणता येणं हाही या हिशेबाचा उपयोग आहे.

कोड आता गटाच्या खात्याचा लावतात. रोज रात्री दूध किती, पाकिटं किती, पैसे किती, या तीन ओळी वहीत लिहितात. ती वही कोण लिहितं, माहीत आहे? गल्ल्यावर बसणारी तीच बाई. ती म्हणाली, ‘ताई, आता कुणी विचारलं तर मी शपथ घेत नाही, वही पुढं करते.’